पट्टी अजून थोडी खाली

माझी बायको कस्तुरा गेली ते मला मोबाइलवर कळलं, आणि आधी चुकीचं कळलं.

चिंचवड स्टेशनजवळ माझी एक खोली आहे. तिथे मी व्हिडिओवरची अक्षरं करतो. त्या दिवशी बैलगाडा शर्यतीच्या व्हिडिओसाठी निवेदकाचा आवाज भरून घेत होतो, म्हणून फोनचा आवाज बंद होता. काम झाल्यावर फोन बघितला तर तिच्या कंपनीच्या नंबरावरून बरेच मिस्ड कॉल. कंपनीचा नंबर म्हणजे ओव्हरटाइमला थांबतेय असा कस्तुराचा निरोप, हे ठरलेलं. म्हणून मी आधी व्हॉट्सअॅप उघडलं. शालनबाईंच्या स्टेटसला कस्तुराचा फोटो होता. शालनबाई कंपनीत तिच्याच लाइनवर काम करणाऱ्या. फोटो कंपनीच्या वर्धापनदिनाचा, नथ घातलेला, हसरा. भोवती फुलांची चौकट. खाली शालनबाईंनी हात जोडलेल्या खुणा टाकून लिहिलं होतं, ‘लाइन तीन परिवार, चाकण.’

मला वाटलं हिला कसलं तरी बक्षीस मिळालं. मी उत्तर लिहिलं, ‘अभिनंदन! पेढे कधी?’

लगेच शालनबाईंचा फोन आला. रडत होत्या आणि चिडल्याही होत्या.

“भाऊजी, असं काय लिव्हलंय? तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

कस्तुरा मशीनजवळ उभी असताना खाली पडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. शालनबाईंना वाटलं साहेबांनी मला कळवलं असणार. साहेब फोन करत होते आणि माझा फोन मुका होता.

नंतर पुष्कळ दिवसांनी मी तो स्टेटसचा फोटो शालनबाईंकडून मागून घेतला. फोटोच्या तळाला कस्तुराचं पूर्ण नाव होतं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं होतं. ज्यानं केलं त्यानं ते अगदी तळाला टाकलं होतं. शालनबाईंनी लिहिलेली ओळ नेमकी त्याच्यावर बसली. माझ्या धंद्यात याला फार साधा शब्द आहे. अक्षर सुरक्षित जागेच्या बाहेर गेलं.

ही सुरक्षित जागा काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पडद्यावर कोणी बोलत असलं की खाली त्याच्या नावाची पट्टी येते. बातम्यांत सगळ्यांनी बघितलेली असते. टीव्हीवर ती पट्टी कडेपासून थोडी आत ठेवली की भागतं. मोबाइलवर तसं नाही. मोबाइलवर उभा व्हिडिओ बघताना त्या अॅपचं स्वतःचं सामान पडद्यावर मांडलेलं असतं. खाली खातेदाराचं नाव आणि मजकूर, उजव्या बाजूला बदाम, कमेंट, शेअर, वरही काहीबाही. आपण तिथे अक्षर टाकलं तर अॅप काही बाजूला सरकत नाही, आपलंच अक्षर झाकलं जातं. म्हणून खालचा जवळजवळ पाव भाग, वरची पट्टी आणि उजवी कड सोडून जे मध्ये उरतं तेवढंच आपलं. माझ्याकडे एक पारदर्शक चौकट आहे. त्यात ही सगळी बटणं लाल रंगानं काढलेली आहेत. काम करताना ती वर ठेवायची, लाल भागात अक्षर जाऊ द्यायचं नाही, आणि शेवटी ती बंद करून व्हिडिओ काढायचा.

कस्तुराला हे माझं काम म्हणजे गंमत वाटायची. मी अक्षरं उड्या मारत आणली की ती म्हणायची, “आधी त्यांना एका जागी बसवा, मग मी वाचते.”

ती गेल्यावर तीनेक महिन्यांनी तिच्याच कंपनीतून साक्षीचा फोन आला. साक्षी एचआरमध्ये होती. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती, त्याची फिल्म तयार होती, फक्त नावं आणि शीर्षकं बाकी होती.

“काका, तुम्हालाच द्यावं असं मला वाटलं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “फिल्ममध्ये काकू आहेत. आधीच सांगते. एकदम समोर नको यायला.”

तरी ते समोर आलंच. कस्तुरा निळा कोट घालून, केसांवर जाळी चढवून, ट्रे हातात धरून उभी होती. कंपनी गाडीच्या पेडलचे ब्रॅकेट करते. डावा आणि उजवा ब्रॅकेट दिसायला सारखा. पूर्वी डब्यात दोन्ही मिसळायचे, गिऱ्हाइकाकडून माल परत यायचा, आणि लाइन तीनवर आरडाओरडा व्हायचा. कस्तुरानं ट्रेमध्ये एका जागी बोल्ट उभा केला. उजव्या ब्रॅकेटला त्या जागी भोक आहे, डाव्याला नाही. डावा उजव्याच्या ट्रेत ठेवायला गेलं तर तो बसतच नाही. पुढे कंपनीनं बोल्ट काढून नीट पिना बसवल्या, सगळ्या लाइनला तेच केलं, आणि गिऱ्हाइकानं कंपनीला ढाल दिली. फिल्ममध्ये कस्तुरा डावा ब्रॅकेट ठेवून दाखवते, तो बसत नाही, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून ‘बघा’ अशी मान हलवते. तेवढंच.

मला त्या मान हलवण्याखाली तिचं नाव पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

पिना कोणाच्या हे लाइन तीनवर कोणालाही विचारा. पण फिल्म लाइन तीनच्या ताब्यात नव्हती, गणराज सरांच्या ताब्यात होती. गणराज म्हणजे मालक दौलतरावांचा पुतण्या. दौलतराव जुन्या गावातले, त्यांच्याच जमिनीवर कंपनी उभी. गणराज इंजिनियर होऊन, वर एमबीए करून आला आणि कंपनीत सर झाला. माणूस वाईट नाही. फक्त त्याला आपलं नाव बघायला फार आवडतं. कंपनीच्या कॅलेंडरवर बारा महिने त्याचा फोटो असतो, फक्त शर्ट बदलतो.

मी मीटिंगला गेलो. कॉन्फरन्स रूममध्ये भिंतभर टीव्ही. साक्षी वही घेऊन बसलेली. कस्तुराचा प्रसंग लागला तेव्हा तिनं खाली बघितलं. गणराज सरांनी सरळ बघितलं.

“इथे माझी पट्टी येईल,” ते म्हणाले. “संकल्पना व मार्गदर्शन, गणराज सोपानराव येळवंडे. खाली डिग्र्या. खाली पद.”

मी म्हणालो, “सर, ही कस्तुरा आहे.”

“माहीत आहे. वाईट झालं. पण त्या आता कंपनीच्या रोलवर नाहीत ना. उद्या गिऱ्हाइकानं विचारलं या कोण, तर काय सांगायचं? सिस्टीम कंपनीची असते, मानेसाहेब.”

मला एरवी कोणी साहेब म्हणत नाही. म्हटलं की समजायचं, नकार आहे.

साक्षी म्हणाली, “सर, दोन्ही नावं दिली तर?”

“मोठ्या फिल्ममध्ये नाही. ती लॉबीत लागणार, गिऱ्हाईक बघणार, पाहुणे बघणार. मोबाइलसाठी ती उभी छोटी क्लिप करताय ना, त्यात टाका पाहिजे तर. कामगार लोक बघतील, त्यांनाही बरं वाटेल.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “पण त्यातही माझी पट्टी तशीच पाहिजे. अन् त्यांचं नाव माझ्या पट्टीच्या आड यायला नको. वर कुठेतरी ठेवा.”

“वर ठेवतो, सर,” मी म्हणालो.

मी रागानं बाहेर पडलो. भोसरीपर्यंत राग तसाच होता. मग सिग्नलला थांबलो. बाजूला कंपनीची बस होती. तिच्या खिडकीला लागलेली सगळी डोकी मोबाइलमध्ये. एकही माणूस बाहेर बघत नव्हता. मला वाटलं, यातलं कोण त्या लॉबीत जाऊन उभं राहणार आहे? गिऱ्हाइकाचा साहेबसुद्धा लॉबीत बसून मोबाइलच बघतो. गणराज सरांनी मला मोठा पडदा नाकारला आणि सगळी माणसं देऊन टाकली, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग राग गेला आणि मला कामाची घाई झाली.

कस्तुराचं नाव मी नीट केलं. उभ्या चौकटीत ती मध्ये येईल असा प्रसंग कापला. नाव तिच्या खांद्याखाली, ट्रेच्या वर, डावीकडे. बदामाच्या रांगेपासून लांब. अक्षर जाड घेतलं, कारण मोबाइलसाठी व्हिडिओ दाबून लहान केला की बारीक अक्षराच्या रेघा आधी तुटतात. पांढरं अक्षर, मागे गडद पट्टी, म्हणजे निळ्या कोटावर आणि पिवळ्या मशीनवर सारखंच वाचता येईल. काना-मात्रा, उकार चेपू नयेत म्हणून वरखाली जागा सोडली. नाचवलं काहीच नाही. पट्टी डावीकडून सरकत येते, थांबते, थांबलेलीच राहते. वर ‘कस्तुरा ज्योतीराम माने’, खाली ‘ही पिन हिची. लाइन तीन’.

पट्टी किती वेळ ठेवायची त्याचा आमच्यात साधा हिशोब आहे. मजकूर मोठ्यानं, सावकाश दोनदा वाचायचा. तेवढा वेळ ती राहिली पाहिजे. मी वाचायला लागलो आणि अडकलो. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारायची रीत नाही. ‘अगं’, ‘ऐकलं का’, यातच संसार झाला. तिचं पूर्ण नाव मोठ्यानं मी कधी घेतलंच नव्हतं, फक्त लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेही लोकांनी अडवलं म्हणून. पहिल्यांदा घेतलं तेव्हा आवाज फाटला. परत घेतलं. त्यामुळे ती पट्टी हिशोबापेक्षा जरा जास्त वेळ राहिली आहे. मी ती कापली नाही.

मग ती क्लिप मोबाइलवर घेऊन मी शालनबाईंकडे गेलो. माझ्या पडद्यावर चांगलं दिसतं ते काही कामाचं नसतं. बघणाऱ्याच्या फोनवर, त्याच्या हातात, त्याच्या जागी बघायचं. शालनबाई पहिल्या शिफ्टला बसनं जातात. मीही बसमध्ये चढलो. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं काही विचारलं नाही. उन्हाची तिरीप थेट काचेवर, रस्ता चाकणचा, म्हणजे फोन हातात टिकत नव्हता. शालनबाईंच्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि चष्मा डब्यात.

“चष्मा लावू का?” त्यांनी विचारलं.

“नको. तसंच बघा.”

त्यांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. “कस्तुरा... ज्योतीराम... माने. ही पिन हिची.” मग मागच्या सीटवरच्या बाईच्या हातात फोन दिला. तो फोन बसभर फिरून आला. आला तेव्हा त्याच्यावर कोणाच्या तरी भाजीचं तेल लागलं होतं.

“आन् गणराज सरांचं न्हाई का नाव?” शालनबाईंनी विचारलं.

“आहे ना. ते अजून टाकायचंय.”

“कुठं?”

“ते म्हणतील तिथं.”

शालनबाईंनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. कस्तुरा त्यांना माझ्याबद्दल काय काय सांगायची कोणास ठाऊक.

दुसऱ्या मीटिंगला मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. साक्षी होती. उभी क्लिप मोठ्या टीव्हीवर मधोमध उभ्या फळीसारखी दिसते, दोन्ही बाजूंना काळं. लाल बटणांची चौकट मी घरूनच बंद करून आलो होतो. पण मी प्रामाणिकपणे आधी सांगितलं, आणि साक्षीसमोर सांगितलं.

“सर, मोबाइलवर खाली बटणं आणि मजकूर येतो. एकदा तुमच्या फोनवर अॅपमध्ये टाकून बघू या का?”

गणराज सर म्हणाले, “मानेसाहेब, मी मार्केटिंग शिकलोय. टीव्हीवर चांगलं दिसलं की छोट्यावर दिसतंच. तुम्ही पट्टी दाखवा.”

मी सांगायचं ते सांगून झालं. यानंतर मी फक्त हुकूम पाळले.

त्यांची पट्टी मी सुरक्षित जागेत ठेवून आणली होती. त्यांनी कपाळाला आठी घातली. “ही फार वर आहे. ट्रे झाकला जातोय.”

“थोडी खाली घेऊ?”

“घ्या.”

घेतली.

“अजून थोडी खाली घेऊ का, सर? भारदस्त दिसेल. पायासारखी.”

“हां, पायासारखी. घ्या.”

साक्षीनं पेन खाली ठेवलं. तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी टीव्हीकडे बघत राहिलो.

“सर, अगदी कडेला टेकवू? म्हणजे दोन्ही बाजू भरतील. नाव इकडून तिकडे.”

“परफेक्ट. हेच मी म्हणत होतो.”

मग ते अक्षरावर आले. त्यांना बारीक अक्षर पाहिजे होतं, परदेशी घड्याळाच्या जाहिरातीत असतं तसं. सोनेरी पाहिजे होतं. मशीन पिवळी, जमिनीचे पट्टे पिवळे, त्यावर सोनेरी. मी म्हणालो, “मागे गडद पट्टी देऊ?” ते म्हणाले, “नको, जड होतं.” अक्षरांमध्ये अंतर पाहिजे होतं. इंग्रजीत ते शोभतं. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते, अंतर दिलं की रेघ तुटते आणि नाव सुट्या मण्यांसारखं पडतं. तेही मी सांगितलं.

“मॉडर्न दिसतंय,” सर म्हणाले.

शेवटी त्यांना एकेक अक्षर उगवत आलेलं पाहिजे होतं. एकेक उगवताना ‘येळवंडे’चा अनुस्वार आधी आला आणि ‘व’ नंतर. सरांनी ते बघितलं नाही, कारण तोवर ते उभे राहून टीव्हीचा फोटो काढत होते. आई-वडिलांना पाठवायला.

“सोनं वाटतंय,” ते म्हणाले. “आणि त्यांचं नाव?”

मी कस्तुराच्या पट्टीकडे बोट केलं. “तुमच्या आड येत नाही, सर. वर आहे.”

“साधं आहे जरा.”

“साधंच ठेवलंय.”

“चालेल,” सर म्हणाले आणि साक्षीला अंगठा दाखवला.

बाहेर पडताना साक्षी माझ्यासोबत गेटपर्यंत आली. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

“काका, टाकणार मीच आहे. माझी नोकरी जाईल.”

“तू काय केलंस? तू वही घेऊन बसली होतीस. मी सांगितलं तेव्हा ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग झालं. क्लिपसोबत मजकूर काय लिहिणार आहेस?”

ती म्हणाली, “सरांनीच दिलाय. कंपनीचा पंचवीस वर्षांचा प्रवास, दूरदृष्टी, वगैरे. मोठा आहे.”

“सगळा टाक,” मी म्हणालो. “मालकांचा मजकूर कापू नये.”

वर्धापनदिनाच्या सकाळी क्लिप गेली. कंपनीच्या खात्यावर गेली, लाइन तीनच्या ग्रुपवर गेली, तिथून चाकणच्या कांदा मार्केटमध्ये गेली, तळेगावला गेली. शालनबाईंनी स्टेटसला ठेवली. या वेळी त्यांनी खाली काहीच लिहिलं नाही. मला त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, “भाऊजी, म्या एक आक्षर लिव्हलं न्हाई हां. झाकंल म्हणून.”

कमेंट यायला लागल्या. ‘कस्तुराताईंना सलाम.’ ‘आमच्या आत्या.’ ‘ही पिन आमच्या प्लांटला पण आहे, माहीत नव्हतं कोणाची.’ कोणीतरी लिहिलं, ‘खाली ते सोनेरी काय सांडलंय?’ त्याला उत्तर आलं, ‘ऑइल लीक असेल.’ त्या उत्तराला दीडशे जणांनी बदाम दिला होता.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. गणराज सरांच्या केबिनमध्ये नाही, दौलतरावांच्या. दौलतराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते, हातात फोन. गणराज सर उभे. साक्षी दाराशी.

“यांनी माझं नाव काढलं,” गणराज सर म्हणाले. “पास झालेल्या व्हिडिओतून काढलं. घरच्या सगळ्यांनी फोन करून विचारलं, गणू, तू कुठंयस?”

मी म्हणालो, “काढलं नाही, सर. आहे.”

“कुठं आहे?”

दौलतरावांच्या भिंतीवरही टीव्ही होता. मी पास झालेली फाइल तिथे लावली. सोनेरी नाव एकेक अक्षर करत उगवलं, इकडून तिकडे, पायासारखं. मग मी दौलतरावांच्या फोनवर कंपनीचं खातं उघडून तीच क्लिप लावली. खाली कंपनीच्या प्रवासाचा मजकूर, दूरदृष्टी, आणि त्या मजकुराच्या पाठीमागे काहीतरी पिवळं चकाकत होतं. येळवंडेमधला ‘डे’ नेमका शेअरच्या बाणाखाली होता.

दौलतरावांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. मग अंगठ्यानं तो मजकूर पुसून बघितला. बोट लागल्याबरोबर मजकूर उलगडून आणखी मोठा झाला आणि उरलंसुरलं पिवळंही गेलं.

“आरं, हाय की,” ते म्हणाले. “तुझं नाव तुझ्याच भाषणाखाली गाडलंय गण्या.”

ते हसायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसले. साक्षी दाराबाहेर गेली.

“काका, हे मुद्दाम केलंय!” गणराज सर त्यांना म्हणाले.

“खाली घ्या म्हणालं कोण?” दौलतरावांनी विचारलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “का वो माने, तुमी म्हणालात?”

“मी विचारलं, थोडी खाली घेऊ का,” मी म्हणालो. “आणि आधी हेही म्हणालो, की फोनवर बघून घ्या. सर म्हणाले टीव्हीवर दिसलं की झालं.”

“कितींदा इचारलं?”

“तीनदा. खाली घेण्याबद्दल.”

म्हातारा परत हसला, पण या वेळी माझ्याकडे बघून हसला. त्याला कळलं होतं. मी नजर खाली केली नाही.

गणराज सर म्हणाले, “काढून टाका. नीट करून परत टाका. माझी पट्टी वर घ्या, त्यांच्या जागी.”

साक्षी परत आत आली होती. ती हळूच म्हणाली, “सर, काढली तर सगळ्या कमेंट जातील. बघितल्याचा आकडाही जाईल. गिऱ्हाइकाच्या प्लांट हेडनंपण शेअर केलीय. काढली तर ते विचारतील का काढली.”

“मग काय सांगायचं?” दौलतराव म्हणाले. “की गण्याचं नाव दिसंना म्हणून काढली?”

दौलतरावांनी क्लिप परत लावली. कस्तुरानं डावा ब्रॅकेट ट्रेत ठेवला, तो बसला नाही, तिनं मान हलवली.

“पिन हिचीच हाय ना?” त्यांनी पुतण्याला विचारलं.

“सुरुवात त्यांची होती,” गणराज सर म्हणाले. “पुढं डेव्हलप आपण—”

“हिची हाय का न्हाई?”

“...हो.”

“मग ऱ्हाऊ द्या हाय तसं.” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. “बाई कामाला पक्की होती. माझ्याशी एकदा भांडली होती, संडासाच्या पाण्यावरून. बरोबर होतं तिचं.” मग मला म्हणाले, “पण माने, असं परत करू नका. पोरगं माझंय.”

“नाही करत.”

गणराज सर माझ्याबरोबरच बाहेर पडले. गाडीजवळ ते थांबले.

“तुम्ही मला सरळ सांगायचं होतं.”

“सांगितलं होतं, सर.”

“तसं नाही. की मला ते नाव हवंय म्हणून.”

मी म्हणालो, “तुम्ही म्हणालात त्या रोलवर नाहीत.”

ते गाडीत बसले, काच खाली केली. “ते अक्षर खरंच ऑइलसारखं दिसतं का हो?”

“दिसतं,” मी म्हणालो. “बारीक आहे, सोनेरी आहे, मागे पिवळी मशीन. कोणाचंही असतं तरी तसंच दिसलं असतं.”

“मग पुढच्या वेळी कसं करायचं?”

मी तिथंच त्यांच्या फोनवर दाखवलं. कुठे अंगठा येतो, कुठे मजकूर येतो, मध्ये किती जागा उरते. पाच शब्दांच्या वर नाव नको. डिग्र्या नकोत. त्यांनी ऐकलं. डिग्र्यांपाशी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. मग काच वर करून गेले.

घरी आलो. लाल बटणांची चौकट काढून क्लिप पुन्हा एकदा बघितली. कस्तुराला दाखवली असती तर ती म्हणाली असती, ‘नाव किती वेळ ठेवलंय, लोक काय म्हणतील.’ मी चहा केला. सवयीनं दोन कप झाला. एक प्यालो आणि दुसराही मीच प्यालो.

फोनवरचं काम झालं. लॉबीतल्या टीव्हीवर मात्र मोठी फिल्म दिवसभर लागलेली असते, आणि तिच्यात कस्तुरा मान हलवते तेव्हा खाली गणराज सरांचंच नाव येतं. मी कस्तुराच्या नावाची नवीन फाइल करून दिली आहे. साक्षीला विचारलं की ती म्हणते, सरांनी अजून हो म्हटलेलं नाही. ते बदलायचं राहिलं आहे.